थप्पी कोठे लावावी? गोदामातील ठराविक व मुक्त जागांचा हिशेब

दख्खनच्या पठारावर धान्य साठविण्याचे पेव हे जुने साधन. म्हैसूरच्या परिसरातही नाचणी अशाच जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे ठेवीत असत. कन्नड भाषेत त्याला हगेवु म्हणतात. पेव एका धान्याचे असते. ते अर्धे रिकामे झाले तरी उरलेल्या भागात दुसरे धान्य ओतता येत नाही, आणि ती पोकळी पुढच्या सुगीपर्यंत तशीच राहते. आजच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची आणि सोसायट्यांची अनेक गोदामे सिमेंटची व पत्र्याची असली तरी त्यांतील मांडणी याच पेवाच्या रीतीने चालते: ही भिंत तुरीची, ती सोयाबीनची, दाराजवळचा कोपरा ज्वारीचा. या रीतीस आपण ठराविक जागा पद्धत म्हणू. याउलट, येणाऱ्या मालास त्या दिवशी जी जागा मोकळी असेल ती द्यायची आणि तिचा क्रमांक नोंदवहीत लिहायचा, ही मुक्त जागा पद्धत. मोठ्या व्यापारी गोदामांत ही दुसरी पद्धत रूढ आहे, कारण तिच्यात जागा कमी लागते. धान्याच्या गोदामात मात्र केवळ चौरस मीटरवर निर्णय घेणे पुरेसे नाही. तेथे कीड हाही एक ठेवीदार असतो.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. मराठवाड्यातील एखाद्या उत्पादक कंपनीचे गोदाम उदाहरणादाखल घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण आवकेचा क्रम तेथील हंगामाप्रमाणे आहे. एका थप्पीची जागा सुमारे २० चौरस मीटर असून तीत ५० किलोची १,००० पोती, म्हणजे ५० टन माल बसतो असे धरू. वर्षातील पाच वेळी किती जागा व्यापलेल्या असतात ते पुढे दिले आहे.

| शेतमाल | नोव्हेंबर | जानेवारी | मार्च | मे | ऑगस्ट |
|---|---|---|---|---|---|
| सोयाबीन | ८ | ५ | ३ | २ | ० |
| तूर | ० | ५ | ४ | ३ | १ |
| हरभरा | ० | ० | ६ | ४ | २ |
| ज्वारी | ० | ० | ३ | ३ | २ |
| एकूण | ८ | १० | १६ | १२ | ५ |

ठराविक पद्धतीत प्रत्येक मालाला त्याच्या सर्वाधिक साठ्याएवढी जागा वर्षभर राखून ठेवावी लागते. सोयाबीनला ८, तुरीला ५, हरभऱ्याला ६ आणि ज्वारीला ३, अशा एकूण २२ जागा लागतात. मुक्त पद्धतीत मात्र ज्या दिवशी सर्व मिळून साठा सर्वाधिक असेल त्या दिवसापुरती जागा पुरते, म्हणजे मार्चमधील १६. फरक सहा जागांचा, म्हणजे ३०० टनांचा आहे. तो कोठून आला? सोयाबीनची थप्पी उतरत असताना तूर चढते, तूर उतरत असताना हरभरा चढतो. एकाची भरती व दुसऱ्याची ओहोटी एकत्र आल्यानेच ही बचत होते. सर्व मालांची आवक एकाच महिन्यात होत असेल तर मुक्त पद्धत काहीही वाचवीत नाही. म्हणून आपल्या गोदामाची गेल्या दोन-तीन वर्षांची आवक-जावक वही उघडून असा तक्ता मांडल्याखेरीज कोणतीही पद्धत स्वीकारू नये.

सोळा हा आकडाही प्रत्यक्षात थोडा वाढतो. पोती हलवून पुन्हा रचण्यासाठी आणि नव्या आवकेपूर्वी झाडून घेण्यासाठी एखादी जागा रिकामी हवी. ठराविक पद्धतीत ती आपोआप मिळते. मुक्त पद्धतीत ती मुद्दाम राखावी लागते. म्हणजे १७ धरावे.

दुसरी गळती अधिक लबाड असते. जागा वहीत ‘व्यापलेली’ दिसते, पण तिच्यावर उभ्या असतात साठ गोण्या. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि तिचे कर्ज १८० दिवसांचे असते. अशा तारणात लहान शेतकऱ्याचा माल तीस-चाळीस क्विंटलचाच असतो. प्रत्येकाला स्वतंत्र थप्पी दिली तर हजार पोत्यांच्या जागेवर साठ पोती राहतात आणि वरची हवा रिकामी राहते. मुक्त पद्धत रिकाम्या जागा शोधून देते, अर्धवट भरलेल्या जागा नव्हे. उपाय असा की एकाच महिन्यात आलेला, एकाच प्रकारचा व प्रतीचा लहान माल एका थप्पीजागेत शेजारी-शेजारी लावावा, दोन ठेवीदारांच्या मध्ये रंगीत दोरी बांधावी आणि थप्पी कार्डावर प्रत्येकाची पोती वेगळी लिहावीत. तारणातील माल कर्ज फिटेपर्यंत हलत नसल्याने त्याला मागची भिंत द्यावी; दाराजवळची जागा लवकर जाणाऱ्या मालासाठी ठेवावी.

आता किडीकडे वळू. तूर व हरभरा यांच्यावर कडधान्यावरील भुंगेरा पडतो. त्याची मादी दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्याच्या आत वाढते आणि उष्ण दिवसांत साधारण महिनाभरात नवी पिढी बाहेर येते. प्रौढ भुंगेरा आठवडा-दोन आठवडेच जगतो आणि साठवणीत त्याला खाण्याची गरज नसते, पण तो उडतो आणि शेजारच्या थप्पीवर सहज पोहोचतो. ज्वारीवर पडणारे सोंडे व दाणे पोखरणारे भुंगेरे वेगळे. त्यांचे प्रौढ कित्येक महिने जगतात. ज्वारीचे किडे अखंड तुरीत आणि तुरीचे भुंगेरे ज्वारीत सहसा वाढत नाहीत. अखंड सोयाबीनला साठवणीतील किडींचा उपद्रव तुलनेने कमी होतो; त्याचे दुखणे ओलाव्याचे व बुरशीचे.

यातून दोन परस्परविरुद्ध गोष्टी निघतात. एक मुक्त पद्धतीच्या बाजूची आहे. ठराविक पद्धतीत दरवर्षी त्याच कोपऱ्यात तूर येते, आणि फटींत सांडलेल्या जुन्या दाण्यांत वाढलेल्या भुंगेऱ्याला त्याचे अन्न दारातच मिळते. जागा बदलली, तुरीच्या जागी ज्वारी आली, तर तो तेथे वाढू शकत नाही. शेतातील पिकांच्या फेरपालटीसारखाच हा लाभ आहे, आणि गोदामाच्या नियोजनात त्याचा विचार फारच कमी होतो. अर्थात फरशीवरचे सांडलेले दाणे गोळा केले नाहीत तर हा लाभ मिळत नाही. शिवाय तांबडा भुंगेरा कोणत्याही धान्याच्या तुकड्यांवर व पिठावर जगतो. त्याला फेरपालटीची पर्वा नसते.

दुसरी गोष्ट मुक्त पद्धतीच्या विरुद्ध जाते, आणि माझ्या मते ती अधिक वजनदार आहे. पूर्ण मुक्त मांडणीत तूर गोदामाच्या चार टोकांना विखुरते. समजा, जूनमध्ये एका थप्पीवर छिद्रे पडलेले दाणे व उडणारे भुंगेरे दिसले. तिचे धुरीकरण करायचे तर थप्पी आच्छादनाखाली बंदिस्त करून फॉस्फीन वायू किमान सात दिवस कोंडावा लागतो, नंतर हवा खेळवावी लागते, आणि या काळात त्या दालनात हमालांना काम करू देता येत नाही. हे काम परवानाधारक प्रशिक्षित व्यक्तीनेच करायचे असते. तूर एकत्र असती तर सर्व थप्प्या एकदमच झाकल्या असत्या. विखुरलेली असल्याने एकीवर कीड आज दिसते, दुसरीवर तीन आठवड्यांनी, तिसरीवर त्याही नंतर. तीन वेळा धुरी म्हणजे तीन वेळा गोदाम बंद. एका वेळेस आठ दिवस धरले तर २४ दिवस. शिवाय पहिल्या थप्पीवरील कीड मेली तरी न झाकलेल्या थप्पीवरून नवे भुंगेरे येतात, कारण धुरीचा वायू निघून गेल्यावर मालाला पुढचे संरक्षण उरत नाही. म्हणजे जागेत वाचविलेले सहा चौक आपण दिवसांत परत फेडतो. आणि ज्याने तूर तारण ठेवली आहे त्याचा माल पोखरला जात असताना त्याच्या कर्जावरचे व्याज चालूच असते.

म्हणून धान्याच्या गोदामाला मधली पद्धत अधिक मानवते: विभाग ठराविक, विभागाच्या आत जागा मुक्त. विभाग पाडताना मात्र मालाचे नाव नव्हे, तर कीड पाहावी. वरच्याच तक्त्यात तूर व हरभरा यांचा एक विभाग केला तर त्यांचा एकत्रित साठा ०, ५, १०, ७, ३ असा होतो. १० जागा पुरतात. सोयाबीन व ज्वारी यांचा दुसरा विभाग ८, ५, ६, ५, २ असा होतो. ८ जागा पुरतात. एकूण १८, आणि एक मोकळी धरून १९. पूर्ण मुक्त पद्धतीपेक्षा दोन जागा जास्त, ठराविक पद्धतीपेक्षा तीन कमी. कडधान्ये एकमेकांजवळ असल्याने पाहणी एका फेरीत होते आणि धुरी एकदाच द्यावी लागते. बचत कोठे झाली हेही पाहण्यासारखे आहे. तूर व हरभरा जवळपास एकाच काळात भरतात, म्हणून तेथे एकच जागा वाचली. सोयाबीन नोव्हेंबरचे व ज्वारी मार्चची, म्हणून ज्वारीसाठी राखलेल्या तिन्ही जागा सुटल्या. दोन विभागांच्या सीमेवर सोयाबीन लावले तर ते आडोशाचेही काम करते.

मुक्त जागा कागदावर चालते. फरशीवर व भिंतीवर रंगाने क्रमांक हवेत, आणि काट्यावर वजन होताच चिठ्ठीवर जागेचा क्रमांक लिहिला गेला पाहिजे. पोती उतरल्यावर नव्हे. असे नसेल तर जागा हमाल ठरवितात, आणि ते स्वाभाविकपणे दाराजवळची ठरवितात. त्याची खूण ओळखणे सोपे आहे. दारापासून मागे चालत जाऊन थप्पी कार्डांवरील तारखा वाचाव्यात. तारणाचा माल वगळून जुन्या तारखा मागे व नव्या पुढे असा क्रम दिसला, तर ती मुक्त पद्धत नसून सोयीची पद्धत आहे. जुना माल अडकला आहे आणि बहुधा कीड तेथेच आहे. दुसरी खूण म्हणजे वहीत रिकामी लिहिलेल्या जागेवर उभी असलेली पोती. महिन्यातून एकदा दहा जागा वहीशी ताडून पाहिल्या तरी हे उघड होते.

काही माल मुक्त जागेत कधीही जाऊ देऊ नये. पुढील पेरणीसाठी राखलेले सोयाबीनचे बियाणे कमी उंचीच्या थप्पीतच रचावे लागते, कारण वरच्या पोत्यांच्या भाराने त्याची उगवण बिघडते. त्याची जागा ठरलेली व स्वतंत्र असावी. खते व कीटकनाशके यांना तर दुसरी खोलीच हवी, रिकामी जागा कितीही असली तरी.