पगार ४५ हजार, मग दिवसाचा रेट किती?

चार वर्षं एजन्सीत काढलेल्या, हातात ४५ हजार पडणाऱ्या ग्राफिक डिझायनरचं उदाहरण घेऊ. नोकरी सोडून फ्रीलान्स करायचं, तर ४५ हजार भागिले महिन्याचे २२ दिवस, म्हणजे रोजचे साधारण दोन हजार, असा हिशेब बरेच जण मांडतात. गडबड तिथेच होते. फ्रीलान्समध्ये २२ही दिवसांचं बिल लागत नाही. कोटेशन, मीटिंगा, अडकलेल्या पैशांसाठी फोन, यात दहा दिवस सहज जातात. उरले १२. शिवाय सॉफ्टवेअरचं भाडं, आरोग्य विमा, लॅपटॉपची झीज आणि कंपनी भरायची तो पीएफ, हे आता तुमच्याच खिशातून. त्याचे महिन्याला १५ हजार धरा. ६० हजार भागिले १२, रेट झाला पाच हजार!

म्हणजे चार दिवसांचा लोगो २० हजारांना जायला हवा. ‘छोटंसंच तर काम आहे’ म्हणणारा क्लायंट तो आठ हजारांत मागणार, हे वेगळंच. २० हजार कबूल झाले, पण ‘बदल फक्त दोनदा’ असं कोटेशनमध्ये लिहिलं नाही, तर चार दिवसांचे सात होतात आणि रेट तीन हजारांखाली घसरतो. कंपनीच्या करारात बाहेरच्या कामाला मनाई नसेल, तर आधी शनिवार-रविवारी पाच हजारांच्या रेटने दोन-तीन कामं मिळवून बघा. तोवर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या.