फोटोतला हा कोण?

शाळेचा जुना ग्रुप फोटो एखाद्या एआय चॅटबॉटला दाखवला, तर तो बरंच काही सांगतो. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर शिक्षक बसलेत, मागे बाकांवर मुलं उभी आहेत, मुलींच्या वेण्यांना रिबिनी आहेत, पायाशी ठेवलेल्या पाटीवर ‘इयत्ता ४ थी, तुकडी ब’ लिहिलंय, वगैरे. मग आपण विचारतो, ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा कोण?’ इथे गाडी अडते. चेहऱ्यावरून कुणाचं नाव सांगता येणार नाही, असं नम्र उत्तर येतं. चौथीतला मुलगा त्याला माहीत नसणार, हे समजू शकतं. पण अनेक मॉडेलं अमिताभ बच्चनच्या फोटोलाही हेच उत्तर देतात, तेव्हा मात्र माणूस वैतागतो.

आता त्याच ग्रुप फोटोखाली छापखान्यातल्यासारखी नावं असतील (‘बसलेले, डावीकडून’, ‘उभे, पहिली रांग’), तर तोच चॅटबॉट तिसऱ्या मुलाचं नाव बिनतक्रार सांगतो. तो चेहरा ओळखत नाही, खालची ओळ वाचतो आणि जागा मोजतो. खेळाडूच्या जर्सीवरचं नाव, टेबलावरची नावाची पट्टी, बातमीतली फोटोओळ यांचंही तसंच. हा मार्गही निर्धोक नाही. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाचं नाव रांगेत तसंच छापलं गेलं असेल, तर पुढची सगळी नावं एकेक जागा सरकतात. पण ही चूक कुणालाही नावं मोजून पकडता येते. चेहऱ्यावरून झालेली चूक तशी पकडता येत नाही, आणि खरी गोम तिथे आहे.

चेहरा ओळखणं या मॉडेलांना जमतच नाही, असं मात्र नाही. ती फोटो आणि त्यांच्या सोबतचा मजकूर यांच्या प्रचंड साठ्यावर तयार होतात. एकच चेहरा हजारो वेळा एकाच नावासोबत आला, की दोन्हींची सांगड आपोआप बसते. नेते, नटनट्या, क्रिकेटपटू यांच्याबाबत हे होणारच. म्हणजे नकार हा शिकवलेला आहे. माणसाची ओळख विचारणारे नमुना-प्रश्न आणि त्यांना द्यायची नकाराची उत्तरं दाखवून मॉडेलला वळण लावलं जातं. ओपनएआयने सप्टेंबर २०२३मध्ये फोटो पाहू शकणारं जीपीटी-४ लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा अशा प्रश्नांना ते ९८ टक्क्यांहून अधिक वेळा नकार देतं, असं कंपनीने जाहीर केलं होतं.

मुद्दाम वळण लावून ही क्षमता का दाबायची, हे कळायला चेहरा ओळखणाऱ्या खास यंत्रणा कशा चालतात ते पाहायला हवं. पोलिसांकडे असते ती यंत्रणा चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका ओळीत करते. गूगलच्या २०१५च्या ‘फेसनेट’मध्ये एका चेहऱ्यामागे असे १२८ आकडे होते. दोन ओळींत अंतर जितकं कमी, तितकं साम्य जास्त. किती अंतरापर्यंत ‘जुळलं’ म्हणायचं, ते माणूस ठरवतो.

हाताशी असलेला चेहरा एकाच चेहऱ्याशी ताडून पाहणं त्यामानाने सोपं. आपला फोन उघडतो तेव्हा हेच होतं. अनोळखी चेहरा मोठ्या संग्रहात शोधणं हे फार वेगळं काम आहे. समजा, यंत्रणा इतकी चांगली आहे की भलत्याच दोन माणसांना ती लाखात एकदाच ‘जुळले’ म्हणते. संग्रहात एक कोटी चेहरे असतील, तर एका शोधात साधारण शंभर भलती माणसं जुळून येतील. आणि हवा तो माणूस संग्रहात असेलच, याची खात्री कुणी दिली? तो नसला तरी यादी येतेच, आणि यादीत कुणीतरी पहिलं असतंच.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये नेमकं हे घडलं. ऑक्टोबर २०१८मध्ये एका दुकानातून महागडी घड्याळं चोरीला गेली. कॅमेऱ्यातला चोराचा धूसर फोटो यंत्रणेत घातला गेला. सरकारी संग्रहातल्या चेहऱ्यांशी जुळवाजुळव झाली आणि रॉबर्ट विल्यम्स या माणसाच्या वाहन परवान्याचा जुना फोटो वर आला. इथपर्यंत तो नुसता धागा होता. पण पोलिसांनी तो फोटो आणखी पाचजणांच्या फोटोंसोबत दुकानाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एका बाईंपुढे ठेवला. त्यांनी चोरी प्रत्यक्ष पाहिलेलीच नव्हती. पाहिलं होतं ते कॅमेऱ्यातलं चित्रण. त्यांनी विल्यम्सवर बोट ठेवलं. म्हणजे यंत्राने ज्या साम्यावरून त्याला निवडलं, त्याच साम्याला माणसाने दुजोरा दिला, आणि कागदावर मात्र ते दोन स्वतंत्र पुरावे झाले. जानेवारी २०२०मध्ये बायको आणि दोन लहान मुलींदेखत विल्यम्सला घराच्या अंगणात बेड्या पडल्या. सुमारे तीस तास तो कोठडीत होता. चौकशीत त्याने चोराचा फोटो उचलून आपल्या चेहऱ्याशेजारी धरला आणि हा मी नाही, एवढंच सांगितलं. ते उघड दिसत होतं. पुढे खटला झाला. जून २०२४च्या तडजोडीत डेट्रॉइट पोलिसांनी मान्य केलं, की नुसत्या यंत्राच्या जुळणीवर कुणाला अटक होणार नाही आणि तेवढ्यावरून साक्षीदारापुढे फोटोंची ओळही मांडली जाणार नाही.

विल्यम्स कृष्णवर्णीय आहे, हेही इथे नोंदवायला हवं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये जवळपास दोनशे अल्गोरिदम तपासले होते. त्यातल्या पुष्कळांमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत खोट्या जुळणीचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत दहापट ते शंभरपट आढळलं.

आणि ही तर खास त्याच कामासाठी बांधलेली यंत्रणा. तिला निदान संग्रह असतो, अंतराचा आकडा असतो, जुळण्याची ठरवलेली मर्यादा असते. चॅटबॉटकडे यातलं काही नसतं. ‘हा कोण’ असं विचारल्यावर तो संग्रह चाळत नाही, मनात बसलेल्या सांगडीतून पुढचा शब्द काढतो. चेहरा ओळखीचा असो वा नसो, वाक्य तितकंच सफाईदार येतं. दाढीवाल्या, टक्कल पडलेल्या साध्या गृहस्थाला कुणा प्रसिद्ध माणसाचं नाव चिकटलं, तर ते कशावरून चिकटलं हे तपासायला आपल्या हाती काहीच नाही.

बरं, नाव अचूक निघालं तर? माझ्या मते तो प्रसंग चुकीपेक्षा वाईट. ऑक्टोबर २०२४मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेरा असलेला बाजारातला चष्मा आणि इंटरनेटवर चेहऱ्यावरून फोटो शोधून देणारी सेवा यांची जोडणी केली. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा चेहरा टिपायचा, तो कुठल्या पानांवर आहे ते शोधायचं, त्या पानांतून भाषा-मॉडेलने नाव काढायचं, आणि त्या नावावरून पत्ता, फोन नंबर मिळवायचा. हे सगळं आपोआप व्हायचं. मेट्रोच्या फलाटावर ते लोकांना नावाने हाक मारत होते आणि लोक चकित होत होते. धोका दाखवून देणं हाच हेतू असल्याने त्यांनी आपला प्रोग्राम कुणाला दिला नाही. स्टँडवर एकटी उभी असलेली मुलगी, आणि लांबून तिचा फोटो काढणारा कुणी, असं चित्र डोळ्यांपुढे आणलं की पुढचं सांगावं लागत नाही.

मग निदान प्रसिद्ध माणसांची नावं सांगायला काय हरकत आहे? काही कंपन्या तशी सूट देतात. पण त्यात एक पेच आहे. कोण प्रसिद्ध हे ठरवायला मॉडेलला आधी चेहरा ओळखावा लागतो, आणि ती ओळख पटली असं त्याला चुकून वाटलं, तर सूट भलत्यालाच लागू होते. शिवाय प्रसिद्धीला काठ नसतो. चित्रपटातला नायक ठीक, पण तालुक्याचा नगरसेवक? पाच वर्षांपूर्वी व्हायरल झालेल्या व्हिडिओतली विद्यार्थिनी? मोर्चात पहिल्या रांगेत दिसलेला शिक्षक? त्यांचे फोटो साठ्यात असतात, पण म्हणून त्यांनी कुणाला काही परवानगी दिलेली नसते. आणि प्रश्न चाहता विचारतोय की पाठलाग करणारा, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून सरसकट नकार.

यात कायद्याची धास्तीही आहेच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २००८पासून चेहऱ्याची मोजमापं संमतीशिवाय घेतली, तर दर उल्लंघनामागे हजार ते पाच हजार डॉलर भरपाई मागता येते. फोटोंत मित्रांची नावं सुचवण्याच्या सोयीपायी फेसबुकला तिथे ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, आणि नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांनी ती सोयच बंद केली. कंपन्या सहसा जगभर एकच मॉडेल चालवतात. त्यामुळे इलिनॉयच्या कायद्याची सावली कोल्हापुरातल्या फोनपर्यंत पोचते. आपल्या २०२३च्या विदा संरक्षण कायद्यात चेहऱ्यासाठी अशी वेगळी तरतूद नाही. उलट, जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली, ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

या नकाराची किंमतही कुणीतरी मोजतं. ‘बी माय आइज’ या अंधांसाठीच्या ॲपमध्ये २०२३मध्ये जीपीटी-४ची चाचणी सुरू झाली. न्यूझीलंडचे जोनाथन मोझेन हे अंध गृहस्थ ते वापरत होते. हॉटेलच्या न्हाणीघरात शाम्पू कुठला आणि साबण कुठला, हे त्यांना पहिल्यांदाच कुणाला न विचारता कळलं. सोशल मीडियावरच्या फोटोंतल्या माणसांची वर्णनंही ते ऐकत होते. मग एक दिवस चेहऱ्यांविषयीचा तपशील खासगीपणासाठी झाकला आहे, असं ॲप सांगू लागलं. नाव तर सोडाच, चेहरा कसा दिसतो हेही नाही. डोळसांना जे एका नजरेत कळतं ते आपल्यालाही कळायला हवं, ही त्यांची तक्रार होती. ती रास्त होती. नाव न सांगणं आणि चेहऱ्याचं वर्णनच न करणं यांत फरक आहे, आणि पुढे आलेली मॉडेलं केस, चष्मा, हसू यांचं वर्णन बरंच मोकळेपणाने करतात.

नावाच्या प्रश्नावर एक अर्धा तोडगा आधीपासूनच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘सीइंग एआय’ ॲपमध्ये अंध माणूस आपल्या घरच्यांचे, मित्रांचे चेहरे स्वतः शिकवून ठेवू शकतो. समोर त्यांपैकी कुणी आलं तर ॲप नाव सांगतं. इथे संग्रह वीस-पंचवीस जणांचा आणि तोही ओळखीतला. मघाचंच लाखात एकाचं प्रमाण धरलं, तर कोटीच्या संग्रहात शंभर चुका होत होत्या. इथे एक चूक व्हायला चार-पाच हजार अनोळखी माणसं समोरून जावी लागतील. पण न शिकवलेला माणूस अनोळखीच राहतो, मग तो कितीही प्रसिद्ध असो.