‘पीटी १८/१२’: जुन्या केसपेपरांचा कालक्रम लावताना

घरातल्या मोठ्या माणसाची शस्त्रक्रिया ठरते, भूल देणारे डॉक्टर विचारतात, “पूर्वी काय काय झालंय?” आणि कपाटातली जुनी फाईल बाहेर निघते. पिवळे पडलेले केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या, सगळं हाताने लिहिलेलं. मग घरातलं कुणीतरी बसून त्याचं एक पान तयार करतं : कोणत्या साली काय झालं, कोणतं औषध चाललं, कोणतं ऑपरेशन झालं. डॉक्टरांना हे पान फार उपयोगी पडतं. पण ते करताना एक मोह होतो. न लागलेल्या अक्षरांचा ‘बहुधा हेच असेल’ असा अर्थ लावून रकाना भरून टाकायचा. रिकामा रकाना डॉक्टरांना दिसतो आणि ते चौकशी करतात. अंदाजाने भरलेला रकाना इतर नोंदींसारखाच दिसतो, म्हणून त्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

हे नीट कळावं म्हणून एक नमुना फाईल घेऊ. ती इथे समजावण्यासाठी रचली आहे, पण तिच्यातली लिहिण्याची पद्धत त्या काळच्या केसपेपरांत नेहमी सापडणारी आहे. साठीच्या एका बाईंचा गुडघा बदलायचा आहे. तरुणपणी ‘हृदयाचं काहीतरी’ झालं होतं, एवढंच घरात माहीत आहे. फाईलमध्ये चार कागद आहेत. मुलगा कालक्रम लावायला बसला आहे.

पहिलं काम वाचण्याचं नाही. कागद ज्या क्रमाने टाचलेले आहेत त्याच क्रमाने, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे आणि कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घालायचे. टाचणी काढून कागद आधीच ‘नीट’ लावले, तर कोणता कागद कोणत्या भेटीचा याचा एक पुरावा हातचा जातो. त्यानंतर प्रत्येक ओळ जशी आहे तशी उतरवायची. तिथे संक्षेप असेल तर संक्षेपच लिहायचा. अक्षर लागलं नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालायचं. अर्थासाठी वेगळा रकाना ठेवायचा. कागद काय म्हणतो आणि आपल्याला काय वाटतं, या दोन गोष्टी एका रकान्यात गेल्या की पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

आता पहिला कागद, ओपीडीचा. तारीख ४/७/८४. पहिल्या ओळीत धाप लागण्याची तक्रार आणि पुढे गुणिले चिन्ह घालून ‘३/१२’. खाली ‘लहानपणी आरएफ’, निदानापुढे ‘आरएचडी, एमएस’, आणि शेवटी ‘इंजेक्शन पेनिड्युर १२ लाख, ३/५२’.

इथे ३/१२ ही तारीख नाही. ब्रिटिश वळणाने शिकलेले डॉक्टर मुदत अपूर्णांकासारखी लिहीत. खाली ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने. म्हणजे धाप तीन महिन्यांपासून आहे आणि इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आहे. ही पद्धत माहीत नसलेला माणूस तीन डिसेंबर अशी नोंद करून मोकळा होईल. मात्र पद्धत माहीत आहे म्हणून प्रत्येक ३/१२ म्हणजे तीन महिनेच, असंही धरून चालत नाही. इथे तो अर्थ घेता येतो, कारण कागद स्वतःच त्याला दुजोरा देतो. तक्रारीपुढे गुणिले चिन्ह आलं की मागे मुदत असते. आणि सांधेज्वरानंतर हृदयाची झडप आणखी बिघडू नये म्हणून पेनिड्युरचं बारा लाख युनिटचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनीच देण्याची रीत आहे.

त्याच इंजेक्शनामुळे ‘आरएफ’ही सुटतो. एरवी ही अक्षरं मूत्रपिंड निकामी होण्यासाठी किंवा संधिवाताच्या रक्ततपासणीसाठीही वापरतात. पण पेनिड्युर आणि ‘आरएचडी’ म्हणजे सांधेज्वराने झालेला हृदयविकार, हे दोन्ही एकाच पानावर असताना ‘आरएफ’ म्हणजे सांधेज्वर म्हणायला भक्कम आधार आहे. ‘एमएस’चंही तसंच. मेंदूविकारतज्ज्ञ हीच अक्षरं एका वेगळ्याच आजारासाठी लिहितात. इथे हृदयाच्या निदानापुढे ती आली आहेत, म्हणून मायट्रल झडप अरुंद झाली, असा अर्थ घ्यायचा. तरी डाव्या रकान्यात ‘एमएस’ असंच राहू द्यायचं.

तारखांबाबतही हाच नेम. ४ जुलै १९८४ ही कागदावरची तारीख आहे. धाप एप्रिलच्या सुमारास सुरू झाली, हे आपण वजाबाकी करून काढलं आहे. म्हणून तिथे ‘सुमारे एप्रिल १९८४, काढलेली तारीख’ असं लिहायचं. सांधेज्वर ‘लहानपणी’ झाला, एवढंच कागद सांगतो. तिथे साल घालायचं नाही, वयावरून हिशोब करूनही नाही.

दुसरा कागद १९८६ चं डिस्चार्ज कार्ड. ऑपरेशनच्या रकान्यात फक्त ‘सीएमव्ही’. ही अक्षरं एका विषाणूसाठी आणि कृत्रिम श्वासाच्या एका पद्धतीसाठीही वापरतात, पण ती दोन्ही ऑपरेशनं नव्हेत. त्या काळात अरुंद मायट्रल झडपेवर एक शस्त्रक्रिया होत असे. हार्ट-लंग मशीन न लावता, धडधडत्या हृदयातच झडप रुंद करायची. तिचं हेच लघुरूप होतं. ती छातीच्या डाव्या बाजूने, बरगड्यांमधून करत. बाईंच्या डाव्या स्तनाखालून पाठीकडे गेलेला व्रण आहे. मधोमध, छातीच्या हाडावर व्रण नाही. रकाना, आधीचं निदान आणि व्रण असे तीन आधार एकाच दिशेला जातात. अर्थाच्या रकान्यात ‘बंद पद्धतीने मायट्रल झडप रुंद केली’ असं लिहायचं आणि पुढे हे तिन्ही आधार नोंदवायचे. भूल देणाऱ्यांसाठी ही नोंद फार मोलाची आहे, कारण अशी रुंद केलेली झडप काही वर्षांनी पुन्हा अरुंद होऊ शकते.

तिसऱ्या कागदाचा वरचा भाग फाटला आहे. उरलेल्या भागात तीन ओळी आहेत : ‘सीएमव्ही नंतर ५ वर्षे’, ‘पीटी १८/१२’, ‘आधीचंच चालू ठेवा’.

साल १९९१ च्या आसपासचं, हे पहिल्या ओळीवरून निघतं. पुढे मात्र वाट तीन दिशांनी फुटते. ‘पीटी’ म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ असेल, तर १८ सेकंद रुग्णाचे आणि १२ सेकंद तुलनेच्या नमुन्याचे. प्रयोगशाळा असंच लिहितात. मग बाई रक्त पातळ ठेवण्याचं औषध घेत असण्याची शक्यता येते. दुसरी दिशा म्हणजे १८ डिसेंबर ही त्या तपासणीची तारीख. तिसरी दिशा फुफ्फुसाच्या क्षयाची. काही जण त्याला ‘पीटी’ लिहीत, आणि त्या काळी क्षयाचे उपचार दीड वर्षापर्यंतही चालत. मग १८/१२ म्हणजे अठरा महिने. तिन्ही अर्थ वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहेत, तिन्ही बाईंच्या वयाला लागू पडतात. ‘आधीचंच’ म्हणजे कोणतं औषध, ते सांगणारा कागद फाईलमध्ये नाही.

इथे घरच्यांना आठवतं, “आईच्या छातीला डाग होता म्हणत.” आपल्याकडे क्षयाला असं म्हणतात खरं. पण हृदयाच्या तपासणीत काढलेल्या एक्स-रेबद्दलही घरात असंच काही बोललं गेलं असेल. ही आठवण टाकून द्यायची नाही आणि कागदाच्या रकान्यातही घालायची नाही. ‘मुलाची आठवण, अमुक तारखेला सांगितली’ म्हणून वेगळी ठेवायची.

चौथा कागद १९९६ चा, दुसऱ्या डॉक्टरांच्या हातचा. त्यात ‘जुना टीबी’ असं स्वच्छ लिहिलं आहे. तो पाहिला की तिसऱ्या कागदाचं कोडं सुटल्यासारखं वाटतं. इथेच सगळ्यात जास्त सांभाळायचं. या डॉक्टरांनी स्वतः एक्स-रे पाहिला, घरच्यांकडून ऐकलं, की तीच फाटकी चिठ्ठी वाचली, हे कागद सांगत नाही. त्यांनी ती चिठ्ठी वाचून लिहिलं असेल तर आपल्यापाशी दोन पुरावे नाहीत, एकच आहे, दोनदा लिहिलेला. म्हणून नोंद १९९६ च्याच खाली राहते : ‘या साली एका डॉक्टरांनी जुना टीबी असं लिहिलं, आधार दिलेला नाही.’ तिला उचलून १९९१ मध्ये नेऊन ठेवायचं नाही.

तयार पानावर ती नोंद अशी दिसेल :

सुमारे १९९१ (काढलेली तारीख, आधार : ‘सीएमव्ही नंतर ५ वर्षे’). कागद क्र. ३. मूळ मजकूर : ‘पीटी १८/१२’. अर्थ : ठरलेला नाही. शक्यता : रक्त गोठण्याची तपासणी व तिचा निकाल, १८ डिसेंबरची तपासणी, क्षयाचे अठरा महिन्यांचे उपचार. कशाने ठरेल : त्या वर्षांतली औषधांची चिठ्ठी, प्रयोगशाळेचा कागद किंवा थुंकीचा अहवाल.

शेवटचं वाक्य विसरायचं नाही. त्यामुळे प्रश्न नुसता उघडा राहत नाही, शोधायचं काय तेही कळतं. जुन्या रुग्णालयात विचारता येतं, पण फार आशा धरू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. १९९१ चे कागद बहुतेक वेळा घरच्या फाईलमध्येच असतात, नाहीतर कुठेच नसतात.

जुन्या फॅमिली डॉक्टरांना विचारायचं असेल तर प्रश्नातच उत्तर घालू नये. “हे टीबीच ना?” असं विचारलं की मान डोलते. संपूर्ण चिठ्ठीचा फोटो पुढे ठेवून “ही ओळ तुम्ही कशी वाचाल?” एवढंच विचारावं. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या नावाने आणि तारखेसह लिहावं, मूळ मजकूर न पुसता.

आणि इतकं करूनही ती ओळ लागली नाही, तरी शस्त्रक्रियेचं काम अडत नाही. भूल देणारे डॉक्टर तीन शक्यता पाहतात. रक्त गोठण्याची तपासणी आज नव्याने करता येते, छातीचा एक्स-रे काढून जुन्या क्षयाच्या खुणा पाहता येतात, आणि झडपेसाठी इकोकार्डिओग्राम होतोच. तीन शक्यता लिहिलेल्या होत्या म्हणून तिन्ही तपासल्या जातात. मुलाने नुसतं ‘१९९१ : टीबी’ लिहिलं असतं, तर तेव्हा रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू होतं का आणि असलं तर ते पुढे कधी, कुणी बंद केलं, हा प्रश्न बाईंना कुणी विचारलाच नसता.