घड्याळ सुरीपासून सुरू होते

दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी कलिंगड, पपई आणि अननसाच्या फोडींच्या डिश रचून ठेवलेल्या दिसतात. शेजारीच भेळ, शेवपुरी आणि रगड्याच्या गाड्या असतात. यातले बरेचसे तिथेच खाल्ले जाते, पण काही पिशवीत बांधून लोकलने बदलापूर, टिटवाळा, विरारला जाते आणि रात्री पानावर येते. मधल्या या काही तासांत त्या पिशवीत काय घडते, हा या लेखाचा विषय आहे.

आपण वेळ मोजतो ती विकत घेतल्यापासून. जंतूंचे घड्याळ मात्र त्याआधीच, फळाला सुरी लागताच सुरू होते. अख्खे कलिंगड जमिनीवर वाढते, टेम्पोतून येते, फुटपाथवर ठेवले जाते. सालीवरची माती आणि तिच्यातले जंतू आतल्या गराला शिवत नाहीत. सुरी फिरते तेव्हा ते पात्याबरोबर आत जातात, आणि तिथे पाणी, साखर व ऊब सगळेच तयार असते. पाते, पाट, हात आणि शिंपडायचे पाणी यांतूनही भर पडते.

पुढे काय होते, हे फळाच्या आंबटपणावर ठरते. आंबटपणा ‘सामू’ या मापाने मोजतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. अननसाचा सामू साधारण साडेतीनच्या आसपास असतो. त्यात साल्मोनेलासारखे जंतू वाढत नाहीत, पण आधी पडलेले लगेच मरतात असेही नाही. कलिंगड आणि पपईचा सामू पाचाच्या पुढे जातो, खरबुजाचा सहाच्याही. इथे जंतूंना अडवणारे काही नसते. वरून पिळलेले लिंबू पृष्ठभागापुरते राहते. मीठ-मसाल्याने फोडींना पाणी सुटते. चवीपुरते मीठ जंतू थोपवत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. गाडीवाल्याने चार वाजता पपई कापली. सव्वासहाला कुणी ती घेतली, आठला घरी पोहोचले आणि जेवणानंतर नऊ वाजता डबी उघडली. घेणाऱ्याच्या हिशेबाने पावणेतीन तास झाले, पपईच्या हिशेबाने पाच. समजा, सुरुवातीला शंभर जंतू होते, पहिला तास ते स्थिरावण्यात गेला आणि पुढे दर चाळीस मिनिटांनी दुप्पट होत गेले. चार तासांत सहा दुपटी होतात, म्हणजे सहा हजार चारशे. हे आकडे समजण्यापुरते आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात वेग वाढेल, गारव्यात घटेल. मुद्दा असा, की शेवटच्या दुपटीत पडणारी भर आधीच्या सगळ्या वाढीपेक्षा जास्त असते. म्हणून उशिराचा अर्धा तास सुरुवातीच्या अर्ध्या तासाहून महाग पडतो. घरी येऊन फ्रिजमध्ये ठेवल्यास वाढ मंदावते, झालेली वाढ मागे जात नाही.

चाटचे गणित वेगळे आहे. कुरमुरे, शेव, पुऱ्या कोरड्या असतात. पाणी नसल्याने तिथे जंतू वाढत नाहीत. चिंचेची चटणी आंबट, दहीही आंबट. लोक बहुधा दह्याला घाबरतात, पण खरी नाजूक जागा उकडलेल्या बटाट्याची आणि रगड्याची. बटाट्याला मातीतून आलेले काही बीजाणू उकळीतही टिकतात आणि कोमट अवस्थेत रुजतात. हाताळणाऱ्याच्या हातातून येणारे काही जंतू, तसेच या बीजाणूंतून वाढलेले काही, असे विष सोडतात, की ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून ‘घरी गेल्यावर गरम करू’ हा भरवसा अपुरा आहे. हिरव्या चटणीत कच्ची कोथिंबीर आणि पाणी असते. ती कशाने धुतली यावर सारे अवलंबून.

वास किंवा चवीने हे ओळखता येत नाही. आंबूस वास, बुळबुळीतपणा ही नासण्याची चिन्हे. आजारी पाडणारे जंतू ती न दाखवताही पुरेसे वाढलेले असतात. दोषही चुकीच्या पदार्थावर जातो. विषामुळे होणाऱ्या उलट्या तासा-सहा तासांत सुरू होतात, तर साल्मोनेलाचा त्रास सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही. सोमवारच्या पपईचे खापर बुधवारच्या वडापाववर फुटते ते यामुळे.

अमेरिकेतील अन्नसुरक्षा यंत्रणांचा नियम असा, की नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. आपल्या लोकल-प्रवासाला हा नियम लावला, तर कापलेली पपई दादरलाच खाऊन टाकणे भाग आहे. घरी न्यायचीच असेल, तर लहान अख्खी पपई न्यावी आणि धुऊन घरी कापावी. भेळेचे कोरडे साहित्य आणि चिंचेची चटणी वेगवेगळी बांधून घ्यावी. बटाटा घरचा, ताजा उकडलेला घालावा. आणि गाडीवर उभे असताना भावाआधी एक प्रश्न विचारावा: ‘दादा, हे केव्हा कापलंत?’

घरच्या घड्याळात नऊ वाजले असतील, तेव्हा त्याच्या उत्तरातली वेळ वजा करायची.