पंचाहत्तर हजारांची वजावट आणि एका दाखल्याची तारीख

घरात अपंग मूल किंवा गंभीर आजारी वडीलधारे असतील, तर १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी दोन वेगळी कलमे आहेत. ८०डीडी अपंगत्वासाठी आणि ८०डीडीबी ठरावीक आजारांसाठी. आर्थिक वर्ष २०२५-२६चे विवरणपत्रही याच कायद्याप्रमाणे भरायचे आहे. दोन्हींचे नियम आणि दाखले निराळे आहेत, पण नावे इतकी सारखी की बरीच कुटुंबे एकाचे कागद दुसऱ्याला जोडतात.

समजा, साताऱ्यातला एक बँक कर्मचारी आहे. त्याच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि दाखल्यावर ५५ टक्के अपंगत्व लिहिले आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असले की ८०डीडीखाली ७५ हजार रुपये वजा होतात, ८० टक्के किंवा अधिक असले तर सव्वा लाख. फिजिओथेरपी, औषधे, प्रशिक्षण यांवर त्याचे वर्षात ३० हजार गेले असोत की तीन लाख, वजावट ७५ हजारच. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह १५,६०० रुपये कर वाचतो. बिलांच्या बेरजेवर इथे काही ठरत नाही. ठरते ते दाखल्यावरच्या टक्क्यांवर, म्हणून तो आकडा स्पष्ट आणि वाचता येईल असा हवा.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता यांसाठी दाखला फॉर्म १०-आयएमध्ये लागतो. तो मेंदूविकारतज्ज्ञ देतात, मुलांच्या बाबतीत बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालयाचे जिल्हा शल्यचिकित्सक. अंधत्व, बहिरेपणा, हातापायांचे अपंगत्व अशांसाठी सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र चालते. आता विवरणपत्रात फॉर्म १०-आयएची पोचपावती आणि यूडीआयडी कार्ड असल्यास त्याचा क्रमांक विचारला जातो. त्यामुळे फॉर्म आधी पोर्टलवर भरून घ्यावा आणि मगच विवरणपत्राला हात लावावा.

सर्वाधिक दावे अडतात ते मुदतीपायी. लहान मुलांचे दाखले बहुधा काही वर्षांपुरतेच असतात, कारण पुढे फेरतपासणी करायची असते. या मुलीच्या दाखल्याची मुदत जून २०२५मध्ये संपली असे धरू. मुदत ज्या आर्थिक वर्षात संपली, त्या २०२५-२६ची वजावट मिळते. २०२६-२७ची मात्र नवा दाखला काढल्याशिवाय मिळणार नाही. मुलीची अवस्था बदललेली नसली तरी नाही. मला हे कठोर वाटते, पण नियम तसाच आहे आणि सरकारी रुग्णालयातली तारीख मिळायला वेळ लागतो. वैधतेचे शेवटचे वर्ष सुरू होताच तपासणीसाठी अर्ज करून ठेवावा.

आता त्याचे वडील. वय ६८, पेन्शन नाही, मूत्रपिंडे निकामी, डायलिसिस सुरू. इथे ८०डीडीबी लागू होते आणि इथे प्रत्यक्ष खर्च मोजला जातो. मर्यादा ४० हजार, रुग्ण ६० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर एक लाख. वर्षाचा खर्च १ लाख ८० हजार झाला आणि मेडिक्लेममधून ६० हजार परत मिळाले, तर बहुतेक जण उरलेले १ लाख २० हजार धरून पूर्ण लाखाची वजावट मागतात. कायदा विम्याची रक्कम खर्चातून नव्हे, वजावटीतून कापतो. एक लाखातून साठ हजार गेले की हाती राहतात ४० हजार.

या कलमासाठी पूर्वीसारखा ठरीव फॉर्म लागत नाही, तज्ज्ञाचे प्रिस्क्रिप्शन पुरते. त्यावर रुग्णाचे नाव व वय, आजाराचे नाव आणि डॉक्टरांचे नाव, पत्ता, पदवी, नोंदणी क्रमांक हवा. मूत्रपिंडासाठी डीएम नेफ्रॉलॉजिस्ट किंवा एमसीएच युरॉलॉजिस्ट, कर्करोगासाठी डीएम ऑन्कॉलॉजिस्ट. खासगी दवाखान्यातल्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, मग त्यांनी वर्षानुवर्षे उपचार केलेले का असेनात. उपचार सरकारी रुग्णालयात चालू असतील, तर तिथले पूर्णवेळ, मेडिसिनमध्ये पदव्युत्तर असलेले डॉक्टर पुरतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना ही सवलत फार कामाची आहे.

आजारांची यादी मात्र बंदिस्त आहे. कर्करोग, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे, पूर्ण विकसित एड्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, आणि पार्किन्सन्स, डिमेन्शियासारखे काही मेंदूविकार, तेही अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर. हृदयाची बायपास यादीत नाही. पक्षाघातही नाही, पण त्यातून हातपाय कायमचे अधू झाले आणि मंडळाने ४० टक्के लिहून दिले, तर ८०डीडीचा मार्ग मोकळा होतो.

दोन्ही वजावटी फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात आणि आता नवी पद्धतच मूळ धरली जाते. २०२५-२६साठी नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही, त्यामुळे तेवढ्या पगाराच्या माणसाने या वजावटींसाठी जुनी निवडण्यात काही हशील नाही. त्याहून अधिक उत्पन्न आणि जोडीला गृहकर्ज किंवा घरभाडे भत्ता असेल, तर दोन्ही पद्धतींनी कर मांडून पाहावा. मुलगी पुढे कमावती झाली आणि स्वतःच्या विवरणपत्रात ८०यूची वजावट घेऊ लागली, की त्या वर्षापासून वडिलांना तिच्यासाठी ८०डीडी मागता येत नाही.