नैसर्गिक शेतीचा ठराव आणि नत्राचा हिशेब

'रसायनमुक्त नैसर्गिक शेती हे देशाचे धोरण असावे,' असा ठराव वादसभेत मांडला की सभागृहाचे लगेच दोन तट पडतात. एकीकडे जमीन, गाय आणि आरोग्य. दुसरीकडे भूक, उत्पादन आणि आकडे. मी या ठरावाच्या विरोधात उभा आहे. पण त्यातला निम्मा भाग मला मान्य आहे, आणि कोणता निम्मा ते सांगायला एका एकराचा हिशेब पुरेसा आहे.

आधी बाजूने. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अंगावर संरक्षक कपडे नाहीत, कपाशी डोक्याच्या वर गेलेली, एकाच पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. खतांची बाजूही फारशी निर्दोष नाही. भातखाचरात टाकलेल्या युरियातले नत्र पिकाला साधारण एकतृतीयांश ते चाळीस टक्केच मिळते. उरलेल्यातले काही हवेत उडते, काही नायट्रेट होऊन भूजलात झिरपते. शिवाय ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत पडते आणि खरी किंमत सरकार भरते. अलीकडच्या वर्षांत खतांच्या अनुदानावर दरसाल दीड लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आहे. हे असेच चालू द्यावे असे कोणी म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूचा नाही.

आता नैसर्गिक शेती नेमके काय करते ते पाहू. ही पद्धत देशभर नेली ती अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी. तिचे चार आधार आहेत: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. यातले जीवामृत सगळ्यांत प्रसिद्ध. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालायची. पिंप सावलीत ठेवून दोन दिवस ढवळायचे आणि ते एका एकराला द्यायचे, महिन्यातून दोनदा. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, असा पाळेकरांचा दावा आहे.

या पिंपात नत्र किती? ताज्या शेणात नत्र साधारण ०.४ टक्के धरले, तर दहा किलोतून चाळीस ग्रॅम मिळते. गोमूत्रात एक टक्का धरला तर दहा लिटरमधून शंभर ग्रॅम. बेसनातल्या प्रथिनांतून सत्तर ग्रॅम. गुळातून जवळपास काही नाही. एकूण दोनशे दहा ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो युरियाइतके. गव्हाच्या चार महिन्यांत आठ वेळा दिले तरी पावणेदोन किलोच्या आतच.

उलट बाजूला पिकाची गरज मांडू. बागायती गव्हाचे एकरी सोळा क्विंटल उत्पादन आले, तर प्रत्येक क्विंटल दाण्याबरोबर सुमारे दोन किलो नत्र शेताबाहेर जाते. म्हणजे बत्तीस किलो, आणि काडाचे त्याहून वेगळे. एका देशी गाईच्या वर्षभराच्या शेण-मूत्रातले सगळे नत्र, एक थेंब वाया न घालवता गोळा केले, तरी ते तीसेक किलोच्या घरात जाते. मग गाय फार तर एका एकराला पुरेल. त्यातही एक मेख आहे. गाय नत्र तयार करत नाही. ते तिच्या चाऱ्यातून येते, आणि चारा कोणत्या तरी जमिनीतूनच आलेला असतो.

यावर पाळेकरांचे समर्थक म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात, की जीवामृत हे खत नव्हेच. ते विरजण आहे. अन्न जमिनीतच आहे, जीवाणू ते पिकाला उपलब्ध करून देतात. मग जमिनीतला साठा मोजू. एका एकराच्या वरच्या सहा इंच थरात साधारण नऊ लाख किलो माती असते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे साडेचार हजार किलो. नत्र त्याच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे साडेचारशे किलो. ऐकायला पुष्कळ वाटते, पण ते सेंद्रिय पदार्थांत बांधलेले असते आणि वर्षाला त्यातले दोन ते तीन टक्केच पिकाला घेता येईल अशा रूपात सुटते. म्हणजे नऊ ते तेरा किलो. जीवाणूंनी हा वेग वाढवला तर पहिली एक-दोन वर्षे पीक छान येईल. पण बाहेरून भर पडली नाही तर साठा तेवढ्याच वेगाने उतरेल.

बाहेरची भर हवेतून येऊ शकते. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू इतके घट्ट बांधलेले असतात की सजीवांत मोजके जीवाणूच तो बंध तोडतात. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून राहणारे रायझोबियम हे त्यातले मोठे नाव. ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्याने गाडला तर एकरी पंचवीस-तीस किलोपर्यंत नत्र जमिनीत जाते. मात्र त्यासाठी तेवढे दिवस शेत आणि पाणी मोकळे लागते. नैसर्गिक शेतीचा खर्च शून्य म्हणायचा तर ही किंमत हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

आच्छादनातही एक अडचण आहे. गव्हाच्या काडात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते. ते काड मातीत मिसळले की कुजवणारे जीवाणू स्वतःसाठी मातीतलेच नत्र उचलतात आणि पीक काही आठवडे उपाशी राहते. हे शेतात ओळखता येते. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. म्हणून आधी खालची पाने टोकाकडून पिवळी पडतात आणि शेंडा हिरवा राहतो. लोहाच्या कमतरतेत याच्या उलटे, कोवळे पान आधी पिवळे पडते. खालचे पान पिवळे दिसत असताना जीवामृताचे आणखी एक पिंप ओतून फारसे साधत नाही.

हाच हिशेब सोलापूरकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला लावला तर चित्र पालटते. एकरी चार क्विंटल ज्वारी आली, तर दाण्यातून सहा-सात किलो नत्र जाते आणि कडब्यातून आणखी चार-पाच. एकूण दहा ते बारा किलो. म्हणजे जवळजवळ तेवढेच, जेवढे जमीन स्वतःहून वर्षाला सोडते. तिथे पिकाला अडवणारी गोष्ट नत्र नसून ओल आहे. आच्छादनाने ओल टिकली, वाफसा राहिला, तुरीच्या पानगळीने थोडे नत्र परत आले, तर नैसर्गिक शेतीने उत्पादन घटत नाही, कधी वाढतेही. खत-औषधाचा आणि कर्जाचा बोजा मात्र नक्की कमी होतो.

म्हणूनच या विषयावरची संशोधने एकमेकांविरुद्ध बोलताना दिसतात. उत्तर प्रदेशात मोदीपुरमला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची शेतीपद्धती संशोधन संस्था आहे. तिच्या प्रयोगांत एकात्मिक पीक व्यवस्थापनाच्या तुलनेत नैसर्गिक शेतीतले गव्हाचे उत्पादन निम्म्याहून खाली आले. आंध्र प्रदेशातल्या पाहण्यांत मात्र अनेक पिके बरोबरीत किंवा वरचढ निघाली. दोन्हींकडची तुलना वेगळी आहे. मोदीपुरमला समोर पूर्ण खत दिलेला बागायती गहू होता. आंध्रात समोर शेजारच्या शेतकऱ्याचे नेहमीचे पीक होते. अॅबर्डीन विद्यापीठाच्या जो स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त केलेला अंदाज याच्याशी जुळतो. या पद्धतीतून मिळू शकणारे नत्र देशातल्या सरासरी रासायनिक नत्राच्या ५२ ते ८० टक्केच भरते. कमी खत वापरणाऱ्याला ते लाभाचे, जास्त खतावर जास्त उत्पादन घेणाऱ्याला तोट्याचे.

हा फरक न पाहता धोरण केले की काय होते ते श्रीलंकेत दिसले. तिथल्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत जाण्याचे वचन होते. २०२१ च्या मे महिन्यात परकीय चलन आटत असताना रासायनिक खते-औषधांची आयात एका फटक्यात बंद झाली. पुरेसे सेंद्रिय खत देशात नव्हते. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली, तोवर मुख्य हंगामाची पेरणी उरकत आली होती. त्या हंगामाचे भाताचे पीक एकतृतीयांशाहून अधिक घटले.

भारताने तसे केलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान २,४८१ कोटींचे आहे, ऐच्छिक आहे आणि त्याचे लक्ष्य साडेसात लाख हेक्टर आहे. देशाच्या सुमारे चौदा कोटी हेक्टर लागवडीखालच्या जमिनीचा हा जेमतेम अर्धा टक्का. प्रश्न पुढच्या पावलाचा आहे.

'रसायनमुक्त' या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी बांधल्या गेल्या आहेत. किडीला पर्याय असतात: पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, मित्रकीटक, फेरपालट. नत्राला पर्याय नाही. ते मूलद्रव्य आहे, आणि जितके धान्य शेताबाहेर जाईल तितके कुठून तरी परत यावेच लागते. कीटकनाशके झपाट्याने कमी करण्याचे धोरण सगळीकडे चालेल. खते शून्यावर आणण्याचे धोरण सगळीकडे चालणार नाही.

तेव्हा ठराव दुरुस्तीसह मांडावा. सुरुवात कोरडवाहू, कमी खताच्या पट्ट्यांतून व्हावी आणि पहिला रोख कीटकनाशकांवर असावा. बागायती गहू, भात, उसाला शेणखत आणि हिरवळीच्या खताची जोड देऊन युरिया घटवावा, संपवू नये. आणि अभियानातल्या प्रत्येक गटात पीक कापणी प्रयोग आणि सेंद्रिय कर्बाची तपासणी दरवर्षी व्हावी, शेजारच्या शेतासह, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. पाच वर्षे उत्पादन टिकले आणि कर्ब उतरला नाही, तर माझा विरोध मी मागे घेईन. तोवर या ठरावाला माझे मत विरोधात.