आधी शेवट वाचा : जपानीतले चार ‘जर-तर’

जपानी भाषेत अट सांगण्यासाठी ‘तो’, ‘बा’, ‘तारा’ आणि ‘नारा’ अशी चार रूपे आहेत. मराठीतला ‘जर’ वाक्याच्या सुरुवातीलाच अटीची चाहूल देतो. जपानीत मात्र अट पहिल्या उपवाक्याच्या शेवटी, क्रियापदाला लागून येते. ‘जाणे’ या अर्थाचे ‘इकु’ हे क्रियापद घेतले तर ‘इकु तो’, ‘इकेबा’, ‘इत्तारा’ आणि ‘इकु नारा’ अशी चार रूपे मिळतात. ती तयार करणे अवघड नाही. ‘तो’ आणि ‘नारा’ साध्या क्रियापदापुढे तसेच ठेवायचे, ‘तारा’साठी भूतकाळी ‘इत्ता’ला ‘रा’ जोडायचा आणि ‘बा’साठी ‘इकु’मधला शेवटचा ‘उ’ बदलून ‘ए’ करायचा. विद्यार्थी अडतो तो रूप बनवताना नव्हे, निवडताना.

अडण्याचे एक कारण शिकण्याच्या क्रमात आहे. भारतातल्या अनेक वर्गांत वापरल्या जाणाऱ्या ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकात ‘तो’ 23व्या धड्यात येतो, ‘तारा’ 25व्या, तर ‘बा’ आणि ‘नारा’ थेट 35व्या धड्यात, म्हणजे दुसऱ्या भागात. प्रत्येक धड्यापुरते त्याचे त्याचे रूप पक्के होते, कारण त्या धड्याच्या स्वाध्यायात दुसरे काही निवडायचेच नसते. पुढे मध्यम पातळीवर ‘वाक्य पूर्ण करा’ या प्रश्नात चारही रूपे एका रांगेत समोर येतात आणि चारही मराठीत ‘तर’च वाटतात. पुण्यातही घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-4 आणि एन-3 या पातळ्यांना याच जागी गुण जातात.

हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला जातो. पहिल्या तऱ्हेत वाक्य पूर्ण दिलेले असते आणि रिकामी जागा अटीच्या रूपासाठी असते. दुसऱ्या तऱ्हेत अटीचा भाग दिलेला असतो आणि पुढचे वाक्य विद्यार्थ्याने रचायचे असते. पहिल्या तऱ्हेत रिकामी जागा वाक्याच्या मध्यावर असली, तरी उत्तर बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटात असते. मुख्य क्रियापद जपानीत अगदी शेवटी येते आणि ते विधान आहे, विनंती आहे की घडून गेलेली गोष्ट, हे तिथेच कळते. म्हणून शेवट आधी वाचावा.

एक प्रश्न सोडवून पाहू. ‘एकी नी …, देन्वा ओ शिते कुदासाई.’ ‘एकी’ म्हणजे स्टेशन आणि ‘देन्वा’ म्हणजे फोन. रिकाम्या जागी ‘पोचणे’ या अर्थाच्या ‘त्सुकु’चे रूप हवे आणि पर्याय आहेत ‘त्सुकु तो’, ‘त्सुकेबा’, ‘त्सुइतारा’, ‘त्सुकु नारा’. शेवटी ‘शिते कुदासाई’ म्हणजे ‘करा’ अशी विनंती आहे. ती दिसली की ‘तो’ बाद होतो, कारण ‘तो’च्या पुढे आज्ञा, विनंती, आमंत्रण, ‘करू या’ किंवा ‘करणार आहे’ असा इरादा येऊ शकत नाही. ‘त्सुकेबा’ही बाद होतो, कारण ‘बा’ला कृती किंवा घटना दाखवणारे क्रियापद लागले आणि कर्ता दोन्हीकडे तोच असला, की पुढे विनंती चालत नाही. ‘त्सुकु नारा’ का नाही? आधी पोचायचे आणि मग फोन करायचा, असा इथे क्रम आहे. ‘नारा’ हा क्रम बांधत नाही, आणि गाडीत बसलेला माणूस पोचणार हे गृहीतच आहे. उरते ‘त्सुइतारा’. पहिली गोष्ट पुरी झाली की दुसरी, आणि पुढे विनंतीही चालेल, अशी दोन्ही कामे एकटा ‘तारा’ करतो.

याच वाक्यावर मराठी विद्यार्थी हटकून ‘तो’ लिहितो, आणि त्याचे कारण मराठीतच आहे. ‘तो’ शिकवताना मराठीतल्या ‘की’चे उदाहरण फार उपयोगी पडते. ‘उजवीकडे वळलं की पोस्ट ऑफिस आहे’ हे जपानीत ‘मिगी नी मागारु तो, यूबिन्क्योकु गा आरिमासु’ असे होते. ‘बटण दाबलं की तिकीट येतं’, ‘वसंत आला की साकुरा फुलतो’ ही सगळी ‘तो’ची वाक्ये. एक घडले की दुसरे आपोआप, दर वेळी, कुणाच्या इच्छेची वाट न बघता घडते, हा ‘तो’चा गाभा आहे आणि ‘की’ तो नेमका पकडतो. पण मराठीचा ‘की’ याहून सैल आहे. ‘पोचलीस की फोन कर’ हे आपल्याकडे रोजचे बोलणे. जपानीत तिथे ‘तो’ चुकीचा ठरतो. तेव्हा ‘की’ मनात आला तर लगेच दुसरा प्रश्न विचारावा: पुढे कुणी कुणाला काही करायला सांगते आहे का? सांगत असेल तर ‘तारा’.

‘बा’वरचे बंधन याहून नाजूक आहे. ‘जिकान गा आरेबा, किते कुदासाई’ म्हणजे ‘वेळ असेल तर या’. इथे विनंती असूनही वाक्य शुद्ध आहे, कारण ‘असणे’ ही कृती नव्हे, स्थिती आहे. ‘यासुकेरेबा काइमासु’, ‘स्वस्त असेल तर घेईन’, हेही चालते, कारण अट विशेषणाची आहे. म्हणजे ‘बा’च्या पुढे विनंती दिसली तर ‘बा’ काय काय आहे हे पाहावे: स्थिती किंवा विशेषण असेल तर चालेल, कृती असेल तर सहसा नाही.

‘बा’ला आणखी एक कल असतो. तो बहुधा हव्या असलेल्या फळाची अट सांगतो. ‘कोनो कुसुरी ओ नोमेबा, नाओरिमासु’, हे औषध घेतलेत तर बरे वाटेल. ‘काय केले म्हणजे जमेल?’ हा प्रश्नही ‘दो सुरेबा ई देसु का’ असा ‘बा’नेच विचारायची रीत आहे. उलट ‘जास्त खाल्लं की पोट दुखतं’ यासाठी ‘ताबेसुगिरु तो’ जास्त सहज वाटते. हा पक्का नियम नाही, पण दोन पर्यायांत अडकल्यावर बहुतेकदा हाच कल वाट दाखवतो.

आता दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्न. दिलेले आहे: ‘मादो ओ आकेरु तो, …’ म्हणजे ‘खिडकी उघडली की…’. विद्यार्थ्यांच्या वहीत तीन प्रकारची उत्तरे सापडतात. ‘सुझुशी काझे गा हाइरिमासु’, गार वारा आत येतो: बरोबर. ‘सोजी ओ शिमाशो’, साफसफाई करू या: चूक, कारण हा प्रस्ताव आहे. ‘उमी गा मिएमाशिता’, समुद्र दिसला: हेही बरोबर, आणि इथे वाक्याचा सूर बदलतो. शेवट भूतकाळी झाला की ‘तो’ अट राहत नाही. खिडकी उघडली आणि समोर समुद्र निघाला, असा शोध तो सांगतो. कावाबाता यासुनारी यांच्या ‘युकिगुनी’ या कादंबरीचे पहिलेच वाक्य अशा ‘तो’वर उभे आहे.

‘तारा’ही हे काम करतो. ‘आकेतारा, उमी गा मिएमाशिता’ म्हटले तरी शुद्धच, फक्त बोलीच्या जवळचे. एकदाच घडून गेलेल्या अशा गोष्टीसाठी ‘बा’ आणि ‘नारा’ मात्र चालत नाहीत, त्यामुळे भूतकाळी शेवट दिसताच चारातले दोन पर्याय गळतात. एक सापळा उरतो. ‘उची ए काएत्तारा, ओचा ओ नोमिमाशिता’, ‘घरी गेल्यावर चहा प्यायलो’, हे मराठीत निर्दोष वाटते, पण जपानी कानाला खटकते. भूतकाळातल्या ‘तारा’पुढे बोलणाऱ्याच्या हातातली, ठरवून केलेली गोष्ट येत नाही. चहा पिणे त्याच्या हातात होते. ‘घरी गेलो तर पत्र आले होते’ असे असते, तर ‘काएत्तारा’ चपखल बसले असते. चहासाठी ‘काएत्ते’ असे साधे जोडरूप वापरावे.

याच ‘तारा’बद्दल आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ‘बाबा आले तर’ आणि ‘बाबा आल्यावर’ ही मराठीत दोन वेगळी वाक्ये आहेत. जपानीत दोन्हींसाठी ‘तारा’च येतो. येणे नक्की आहे की नाही, हे संदर्भावरून कळते. आरंभी ‘मोशी’ हा शब्द असेल तर तो अर्थ ‘जर’कडे झुकवतो, आणि ‘मोशी’ दिसल्यावर ‘तो’ निवडणे सहसा चुकते.

राहिला ‘नारा’, आणि खरी गंमत त्याच्यात आहे. बाकीचे तिघे काळाचा क्रम पाळतात: आधी अट पुरी होते, मग परिणाम. ‘नारा’ला हा क्रम बांधत नाही. समोरच्याने काही म्हटले, ठरवले किंवा तसे दिसले, की ते हातात घेऊन ‘असे असेल तर मग…’ म्हणत तो सल्ला किंवा मत देतो. मित्र होक्काइदोला जाणार म्हणतो. उत्तर येते: ‘होक्काइदो ए इकु नारा, रोकुगात्सु गा ई देसु’, जाणार असशील तर जून चांगला. जपानच्या बहुतेक भागात जूनमध्ये पावसाची झड असते, होक्काइदो तिच्यातून बहुतांशी सुटतो, म्हणून हा सल्ला. इथे ‘इत्तारा’ लिहिले तर अर्थ कोसळतो, कारण तिथे पोचल्यावर महिना निवडता येत नाही. पण ‘होक्काइदो ए इत्तारा, कानी ओ ताबेते कुदासाई’, ‘गेलास की खेकडा खा’, हे बरोबर. खेकडा तिथे पोचल्यावरच खायचा आहे. मराठीत ‘जाणार असशील तर’ आणि ‘गेलास तर’ यांत हाच भेद आहे. दिलेले वाक्य मनात या दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिले तर ‘नारा’ आणि ‘तारा’ यांचा घोळ बहुतेक वेळा सुटतो. जे घडणारच आहे, त्याला मात्र ‘नारा’ लागत नाही. ‘तीन वाजले की’ यासाठी ‘सान्जी नी नारु नारा’ म्हणता येत नाही, ‘नात्तारा’च म्हणावे लागते.

कधी कधी एका जागी दोन-तीन रूपे खरोखरच बसतात. ‘वसंत आला की साकुरा फुलतो’ हे ‘हारु नी नारु तो’, ‘नारेबा’, ‘नात्तारा’ असे तिन्ही तऱ्हांनी म्हणता येते. अशा जागी सरावाच्या पुस्तकाने एकच उत्तर दिले असले, तरी दुसरे रूप चूक समजून खोडू नये. ते का चालते हे समासात लिहून ठेवावे.

‘तारा’ आणि ‘नारा’ यांचा फरक पाठ करायला जपानमधली एक जुनी वाहतूक घोषणा पुरेशी आहे: ‘नोंदारा नोरु ना, नोरु नारा नोमु ना’. प्यायलात तर गाडीवर बसू नका, गाडीवर बसणार असाल तर पिऊ नका. पहिल्या अर्ध्यात पिणे आधी झाले आहे, म्हणून ‘नोंदारा’. दुसऱ्या अर्ध्यात गाडी अजून पुढे आहे आणि मनाई त्याआधीच्या पिण्याला आहे, म्हणून ‘नोरु नारा’. तिथे ‘नोत्तारा’ घातले, तर घोषणेचा अर्थ एवढाच उरतो की गाडीवर बसल्यानंतर पिऊ नका. बसण्याआधी प्यायलेल्याला ती अडवतच नाही.